काव्यवाचनाचा व्हिडिओ: ओळ केव्हा दिसावी आणि किती वेळ टिकावी

काव्यवाचनाचा पहिला व्हिडिओ करताना बहुतेक जण आधी चित्रे गोळा करतात, मग त्यांवर आवाज चढवतात आणि शेवटी उरलेल्या वेळात कॅप्शन टाकतात. मी हा क्रम उलटा करण्याचा आग्रह धरतो, कारण कवितेचा काळ श्वास ठरवतो आणि कॅप्शन व चित्रे यांना त्या श्वासामागून चालावे लागते. या लेखात आठ ओळींच्या एकाच कवितेचा व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा केला, ते सांगितले आहे. त्यात सर्वांत जास्त जागा कॅप्शनच्या वेळेला दिली आहे, कारण कविता तिथेच सर्वाधिक बिघडते.

कविता माझीच घेतली आहे. दुसऱ्याची कविता निवडायची असेल, तर तिच्या हक्कांचा विचार आधी करावा. भारतीय कायद्यानुसार कवीच्या निधनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे कविता हक्कांकित राहते. म्हणजे १९६४ मध्ये निधन झालेल्या कवीच्या कविता १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाल्या, आणि ज्यांच्या निधनाला अजून एवढा काळ लोटलेला नाही, त्या कवीच्या वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी हवी. कवीचे नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही.

उदाहरणाची कविता अशी आहे. तिचे नाव ‘धोटा’.

आजी भरते कांड्या दारी,
ऊन उतरे पायरीवरती;
धोटा धावे इकडुन तिकडे,
सारे घर हे दोऱ्यावरती.

भोंगा थांबे, माग थांबतो,
हात तरीही हलतो आहे;
चादरीतल्या मोरापाशी
एक धागा बोलतो आहे.

कागदावर श्वासाच्या खुणा

ध्वनिमुद्रणाला बसण्यापूर्वी कविता मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घ्यावी आणि पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा कराव्यात: ओळीच्या आत आवाज क्षणभर थांबतो तिथे एक रेघ, ओळ संपते तिथे दोन रेघा आणि कडवे संपते तिथे तीन. या कवितेची प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे, त्यामुळे बरोबर आठव्या मात्रेवर थांबण्याचा मोह होतो. ‘आजी भरते / कांड्या दारी’ इथे ते जमून जाते. ‘ऊन उतरे पायरीवरती’ या ओळीत मात्र तसे थांबल्यास ‘पायरी’ हा शब्दच मधोमध तुटतो. तेव्हा रेघ मात्रा मोजून घालण्यापेक्षा अर्थ पाहून घालावी, आणि काही ओळींत ती मुळीच पडत नाही, हे मान्य करावे.

या कागदाचा उपयोग पुढे दोनदा होतो. वाचताना तो समोर असतो, आणि कॅप्शन कुठे तोडायची हेही तोच सांगतो.

विषयाची ओळख तोंडी करून देताना

ओळख अर्ध्या मिनिटाची पुरते. निवांत वाचनाचा वेग मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा शब्द धरला, तर ती पन्नास ते पंचावन्न शब्दांत बसवावी लागते. नवख्या माणसाची ओळख हमखास दोन मिनिटांवर जाते. त्यात कवितेचा सारांश येतो, शेवटच्या ओळीचा अर्थही सांगून होतो, आणि मग श्रोत्याला कवितेत स्वतः शोधण्यासारखे काही उरत नाही.

ओळखीत मी तीनच गोष्टी ठेवतो. कविता कोणत्या जगात उभी आहे, ते एका वाक्यात सांगावे. जो शब्द अडेल असे वाटते, त्याचा अर्थ सांगावा. आणि कान कुठे ठेवावा, याची अर्थ न उलगडता एक खूण द्यावी. ‘धोटा’साठी लिहिलेली ओळख अशी होती:

“नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात अनेक कुटुंबांचा माग घरातच असे, आणि सुताची चादर होईपर्यंत घरातल्या प्रत्येकाचा हात त्या कामाला लागे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावणारे लाकडी साधन. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते. या कवितेत दोन आवाज थांबतात. ते थांबल्यानंतर काय उरते, तिकडे कान असू द्यावा.”

‘आजी’, ‘मोर’ यांचा उल्लेखही इथे नाही. पहिल्या मसुद्यात मी ‘ही कविता श्रमाची आणि आठवणीची आहे’ असे वाक्य लिहिले होते. ते वगळले, कारण ते बरोबर असले तरी हजार कवितांना लागू पडले असते. ‘कांडी’चा अर्थ मात्र ‘धोटा’च्या ओघात येऊन गेला, त्यासाठी वेगळे वाक्य लागले नाही. सोलापुरात विणकामाच्या घरातील श्रोत्याला हे दोन्ही शब्द सांगावे लागत नाहीत, पण व्हिडिओ कोकणात किंवा नागपुरातही पाहिला जाईल, हे ध्यानात ठेवावे.

ओळख बोलण्याच्या आवाजात सांगावी, आणि कविता सुरू होण्यापूर्वी किमान दोन सेकंदांची शांतता ठेवावी. ओळख आणि कविता एकाच सुरात व एकाच वेगात आल्या, तर पहिली ओळ ओळखीचाच भाग वाटते आणि हातातून निसटते.

ध्वनिमुद्रण

सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून पाच मिनिटे बसणे कठीण असते, तरीही तो बंद करावाच लागतो. पंख्याची घरघर आवाजाखाली सतत राहते, आणि सॉफ्टवेअरने ती काढताना ‘स’, ‘श’, ‘ह’ ही अक्षरेही झिजतात. यंत्रमागाची खटखट जवळ असेल, तर ती थांबलेली असताना किंवा पहाटे मुद्रण करावे. पडदे, गाद्या आणि कपड्यांचे कपाट असलेली खोली रिकाम्या दिवाणखान्यापेक्षा चांगली, कारण तिथे भिंतींवरून आवाज परतत नाही. मोबाइल तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत थेट माइकवर बसत नाही.

वाचन सुरू करण्यापूर्वी पंधरा सेकंद काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करावी. पुढे दोन ओळींमधला विराम वाढवायचा झाला, तर तिथे हीच शांतता भरायची असते. निखळ निःशब्द तुकडा घातला, तर आवाज तुटल्यासारखा वाटतो आणि श्रोत्याला कान बंद झाल्याचा भास होतो.

आवाजाचा हा संपादित तुकडा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. कॅप्शन बसवल्यानंतर एखादा विराम अर्ध्या सेकंदाने वाढवला, तरी त्यापुढच्या साऱ्या वेळा चुकतात.

कॅप्शनची वेळ

माझ्या पहिल्या व्हिडिओत मी अख्खे कडवे एकदम पडद्यावर दाखवले होते. चार ओळी नीट मांडलेल्या होत्या, दिसायला पुस्तकाच्या पानासारख्या. शेजारच्या मावशींना, ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि ज्यांना मराठी वाचण्यापेक्षा ऐकायला अधिक सोपी जाते, मी तो दाखवला. त्या म्हणाल्या, “शब्द आधी दिसतोय, मग तू म्हणतोयस. वाचून झाल्यावर ऐकायचं कशाला?” त्या ज्यावर बोट ठेवत होत्या, तेच या कामाचे मर्म आहे. डोळा कानापेक्षा वेगाने चालतो. चार ओळी दिसल्या, की डोळा दोन सेकंदांत यमकापर्यंत पोहोचतो आणि वाचणारा अजून पहिल्याच ओळीत असतो. मग ‘पायरीवरती’ला ‘दोऱ्यावरती’ जुळल्याचा आनंद कानाला मिळत नाही, कारण डोळ्याने तो आधीच घेतलेला असतो.

म्हणून मी हा नियम पाळतो: कवितेची ओळ आवाजासोबत यावी, आवाजाआधी कधीही नाही, आणि एका वेळी एकच ओळ दिसावी. प्रत्यक्षात कॅप्शन सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ०.१ सेकंद, आधी आणली तर ती नेमकी सोबत आल्यासारखी वाटते. पाव सेकंद उशीर झाला, तर ती मागून धावत आल्यासारखी दिसते.

वेळा मोजण्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आवाजाची फाइल उघडल्यावर उंचसखल लहरींमध्ये विराम सपाट पट्टीसारखे दिसतात. एका ओळीचा भाग माउसने निवडावा, तो ऐकून पहिले व शेवटचे अक्षर आत आल्याची खात्री करावी, आणि `Ctrl+B` दाबून लेबलमध्ये ओळीचा क्रमांक लिहावा. सगळ्या ओळींची लेबले झाली, की `File` या मेनूतून ती मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढावीत. प्रत्येक ओळीचा आरंभ आणि शेवट त्या फाइलमध्ये सेकंदांत मिळतो:

```
36.800000	39.900000	1
40.600000	43.700000	2
44.900000	47.800000	3
48.500000	51.900000	4
```

माझी ओळख ३१.५ सेकंदांना संपली. त्यानंतर अडीच सेकंद शांतता, मग कवितेचे नाव, आणि ३६.८ सेकंदांना पहिली ओळ सुरू झाली. आता प्रश्न असा, की ओळ म्हणून झाल्यावर कॅप्शन पडद्यावर किती वेळ ठेवावी. इथे मी विरामाची लांबी पाहतो. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत ०.७ सेकंदांचेच अंतर आहे. एवढ्या थोड्या वेळासाठी पडदा रिकामा केला, तर डोळ्यांपुढे काहीतरी लुकलुकल्यासारखे होते. म्हणून पहिली कॅप्शन दुसरी येण्याच्या जेमतेम ०.०८ सेकंद आधीपर्यंत ठेवली. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत हे अंतर दोन फ्रेमचे होते, आणि तेवढ्याने ओळ बदलल्याचे डोळ्याला कळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत १.२ सेकंदांचा विराम आहे. एक सेकंदाहून मोठा विराम वाचणाऱ्याने जाणूनबुजून घेतलेला असतो, त्यामुळे तो पडद्यावरही दिसला पाहिजे. तिथे ओळ संपल्यावर ०.६ सेकंदाने कॅप्शन काढून टाकली. कडवे संपल्यावर ती पूर्ण एक सेकंद ठेवली आणि मग पडदा मोकळा सोडला.

कॅप्शनचा मजकूर आणि त्यांच्या वेळा `.srt` या प्रकारच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. या हिशोबाने तयार झालेल्या `.srt` फाइलचा पहिल्या कडव्याचा भाग असा दिसतो:

```
12
00:00:36,700 --> 00:00:40,420
आजी भरते कांड्या दारी,

13
00:00:40,500 --> 00:00:44,300
ऊन उतरे पायरीवरती;

14
00:00:44,800 --> 00:00:48,320
धोटा धावे इकडुन तिकडे,

15
00:00:48,400 --> 00:00:52,900
सारे घर हे दोऱ्यावरती.
```

आधीच्या अकरा क्रमांकांत ओळख आणि कवितेचे नाव आहे. ओळखीच्या कॅप्शन गद्याच्या आहेत, तेव्हा त्या दोन ओळींत दाखवल्या आणि किंचित आधी आल्या तरी चालते. तिथे श्रोत्याला फक्त माहिती घ्यायची असते.

फाइल हाताने लिहिताना तीन ठिकाणी चूक होते. सेकंद आणि सहस्रांश यांच्यामध्ये टिंब नको, स्वल्पविराम हवा. दोन नोंदींमध्ये एक ओळ रिकामी हवी. आणि साठ सेकंदांपुढे मिनिट बदलावे लागते: ऑडॅसिटीतले ६७.६ सेकंद इथे `00:01:07,600` होतात. फाइल जतन करताना `UTF-8` हा पर्याय निवडावा. तसे न केल्यास देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अनोळखी चिन्हे दिसतात. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम केल्यास मांडणीच्या चुका टळतात, पण पहिली फाइल हाताने लिहिल्याने वेळेचे गणित कायमचे समजते, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या कडव्याने एक नवा पेच टाकला. ‘भोंगा थांबे, माग थांबतो’ या ओळीत मी स्वल्पविरामावर जवळपास एक सेकंद थांबलो होतो. पूर्ण ओळ एकदम दाखवली, तर भोंगा थांबल्यावरच्या त्या शांततेत ‘माग थांबतो’ हे शब्द पडद्यावर आधीच उभे राहतात आणि शांततेला अर्थ उरत नाही. म्हणून ती ओळ तोडली: आधी ‘भोंगा थांबे,’ एवढेच आले आणि आवाज पुन्हा सुरू झाल्यावर त्याच ओळीत पुढे ‘माग थांबतो,’ जोडले गेले. त्यासाठी दुसऱ्या नोंदीत संपूर्ण ओळ पुन्हा लिहावी लागते. मजकूर मध्यभागी ठेवला असेल तर पहिले शब्द डावीकडे सरकलेले दिसतात, तेव्हा अशा व्हिडिओत कॅप्शन डावीकडून सुरू होणारी ठेवावी. शेवटच्या ओळीतही मी ‘एक धागा’वर थबकलो होतो, पण तिथे अंतर ०.३ सेकंदांचेच होते, त्यामुळे ती अखंड ठेवली. अर्ध्या सेकंदाहून कमी थबकण्यावर ओळ तोडली, तर पडदा अस्वस्थ होतो.

ओळ खूप लांब असेल तर काय करावे, हा प्रश्न गझल किंवा मुक्तछंद घेणाऱ्यांना पडतो. ओळ पडद्यावर एका रेषेत मावत नसेल, तर सॉफ्टवेअरला ती आपोआप तोडू देऊ नये, कारण ते जागा संपेल तिथे तोडते. कागदावरच्या एका रेघेपाशी आपण स्वतः तोडावी, आणि ती रेघ नसेल तर अक्षरांचा आकार थोडा कमी करावा.

देवनागरीच्या खास अडचणी

व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकण्यापूर्वी ‘क्षितिज, शक्ती, दोऱ्यावरती, हुंकार’ एवढे शब्द टाकून पाहावेत. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली, जोडाक्षर सुटून पाय मोडलेले दिसले किंवा ‘ऱ्या’तला अर्धचंद्रासारखा र बिघडला, तर दोष आपल्या टंकलेखनात नसून त्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फॉन्टमध्ये असतो. आधी फॉन्ट बदलून पाहावा. `Mukta` किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांत जोडाक्षरे नीट उमटतात. फॉन्ट बदलूनही अक्षर सुधारले नाही, तर ते सॉफ्टवेअर मराठीसाठी सोडून द्यावे.

छापखान्यातून किंवा जुन्या स्मरणिकेच्या फाइलमधून कविता उतरवून घेतली, तर ती बहुधा युनिकोडमध्ये नसते. तिथे मराठी दिसणारा मजकूर कॅप्शनमध्ये रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन येतो. आठ-दहा ओळी असतील, तर रूपांतर करण्याच्या खटपटीपेक्षा त्या नव्याने टंकणे सोपे, आणि त्या निमित्ताने मूळ छापील पानाशी एकेक ऱ्हस्व-दीर्घ पडताळता येतो. कवितेत ‘इकडुन’ हा ऱ्हस्व उकार मात्रेसाठी आहे, तो कोणी ‘सुधारला’ तर ओळ सतरा मात्रांची होते.

अक्षरांची उंची पडद्याच्या उंचीच्या साधारण अठराव्या भागाएवढी असावी, म्हणजे १०८० बिंदूंच्या उंचीत साठ. ओळखीच्या दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व अनुस्वार एकमेकांत अडकतात. उभ्या व्हिडिओत तळाचा भाग बटणे आणि वर्णनाखाली झाकला जातो, तेव्हा कॅप्शन मध्याच्या थोडी खाली ठेवावी.

पार्श्वभूमीची चित्रे

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे प्रत्येक नामाला एक चित्र. ‘आजी’ म्हटले की आजी, ‘ऊन’ म्हटले की सूर्य, ‘मोर’ म्हटले की मोर. त्याने कविता बालभारतीच्या तक्त्यासारखी होते आणि श्रोत्याच्या मनात उमटू पाहणारी आजी पुसून पडद्यावरची परकी बाई बसते. मी धावणारा धोटा दाखवला, पण ओळखीत, जिथे तो काय असतो हे सांगायचे होते. कवितेत त्या ओळीखाली पायरीवरचे ऊनच राहू दिले.

कवितेच्या पठणाला चार दृश्ये पुरली. पहिल्या कडव्यात पायरी आणि तिच्यावर सरकणारा उजेड, कडव्यांमधल्या तीन सेकंदांत थांबलेल्या मागाची चौकट, दुसऱ्या कडव्यात ताण्याचे उभे धागे जवळून. चादरीवरचा मोर ‘मोरापाशी’ या शब्दावर दाखवलाच नाही. शेवटची ओळ संपून कॅप्शन गेल्यावर तो चार सेकंद एकटा दिसतो. दृश्य बदलायचे ते विरामातच बदलावे. ओळीच्या मध्यात चित्र बदलले, की नजर कॅप्शनवरून उडते आणि ओळीचा उरलेला अर्धा भाग वाया जातो.

पायरीचे चित्रण सकाळी साडेसातच्या सुमारास केले. आपल्याकडे दुपारच्या उन्हात पांढरी भिंत पूर्ण भाजून निघते आणि सावली काळीकुट्ट येते, मग कोणत्याच रंगातली कॅप्शन सगळीकडे वाचता येत नाही. मोबाइलवर त्या पायरीवर बोट काही क्षण दाबून धरले, की फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो, नाहीतर कोणी वाटेतून गेले की चित्र उजळते-मंदावते. कॅप्शनसाठी चित्राचा खालचा तिसरा भाग शांत राहील, अशीच चौकट निवडावी. तरीही अक्षरे बुडत असतील, तर त्यांच्यामागे अर्धपारदर्शक काळी पट्टी टाकावी.

मागाच्या खोलीत नळीदिव्यांखाली चित्रण करताना पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात, आणि ३० फ्रेमच्या चित्रणाचा मेळ त्याच्याशी बसत नाही. मोबाइलच्या प्रो पद्धतीत शटर १/५० किंवा १/१०० ठेवले, की पट्टे जातात. २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तोच घ्यावा. शेडमध्ये जाण्यापूर्वी मालकांची आणि काम करणाऱ्यांची परवानगी घ्यावी, आणि चेहरा दिसणार असेल तर तो दिसेल हे त्यांना आधी सांगावे.

मागाचा आवाज स्वतंत्र मुद्रित करून तो पहिल्या कडव्याखाली वाचनापेक्षा वीस डेसिबलने खाली ठेवला. त्याचा स्वतःचा ठेका असतो आणि मोठा झाला, तर तो कवितेच्या लयीशी भांडतो. हा आवाज ‘माग थांबतो’ या शब्दांवर बंद करावा, असे सुरुवातीला वाटले होते. ऐकून पाहिल्यावर तो कडव्यांमधल्या तीन सेकंदांतच विझवला. श्रोत्याच्या कानाला काहीतरी कमी झाल्याचे आधी जाणवते आणि काय कमी झाले, ते पुढची ओळ सांगते.

जोडणी आणि तपासणी

व्हिडिओ जोडण्यासाठी शॉटकट, केडेनलाइव्ह किंवा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर चालेल. सर्वांत आधी पक्का आवाज शून्य सेकंदावर ठेवावा, मग त्याखाली मूक केलेली दृश्ये, आणि शेवटी `.srt` फाइल. सुरुवातीला तीन सेकंदांची शीर्षकपाटी टाकण्याची इच्छा अनेकदा शेवटी होते. तसे केल्यास आवाज पुढे सरकतो, पण कॅप्शन जिथल्या तिथे राहतात.

कॅप्शन चुकलेल्या वाटल्या, तर पहिली ओळ आणि शेवटची ओळ अशा दोनच जागा पाहाव्यात. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, तर सुरुवातीला काहीतरी घुसले आहे आणि सबटायटल एडिटमधून सर्व वेळा एकदम तेवढ्या सरकवल्या की काम होते. फरक पहिल्या ओळीला नगण्य आणि शेवटच्या ओळीला मोठा असेल, तर कोणत्यातरी टप्प्यावर आवाजाचा वेग बदलला आहे. तिथे कॅप्शन सरकवण्यात अर्थ नाही, मूळ आवाज पुन्हा आणून ठेवावा.

यूट्यूबसाठी मी व्हिडिओवर कवितेची अक्षरे न छापता `.srt` वेगळी चढवतो, म्हणजे पाहणाऱ्याला कॅप्शन बंद करून नुसते ऐकताही येते. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या प्रतीत मात्र अक्षरे चित्रातच छापावी लागतात, कारण तिथे वेगळी फाइल सोबत जात नाही. छापलेली प्रत यूट्यूबवर चढवून तिच्यासोबत `.srt` ही दिली, तर एकच ओळ दोनदा दिसते.

शेवटची तपासणी मी दोन माणसांकडून करून घेतो. एकाला डोळे मिटून ऐकायला सांगतो आणि कडवे कुठे संपले, ते हात वर करून दाखवायला सांगतो. दुसऱ्याला आवाज बंद करून दाखवतो. त्याला कॅप्शनच्या येण्याजाण्यावरून वाचणारा कुठे थांबला असेल, ते ओळखता आले पाहिजे. ‘धोटा’च्या दुसऱ्या प्रतीत मावशींनी आवाज बंद असताना ‘भोंगा थांबे’वर स्वतःहून मान वर केली, आणि पुढचे दोन शब्द येईपर्यंत त्या पडद्याकडे पाहत राहिल्या.